संविधान कसं घडलं हे शिकवताना कलम १७ घ्यावं की कलम २१?

नोव्हेंबर लागला की नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर तोच प्रश्न येतो. २६ तारखेच्या संविधान दिनाआधी मुलांना संविधान कसं तयार झालं ते सांगायचं असतं, हाताशी एक किंवा फार तर दोन तास असतात, आणि वहीत उतरवून द्यायला पानभर टिपण लागतं. नाशिकच्या शाळांमधली जी टिपणं माझ्या पाहण्यात येतात ती जवळपास सगळी तारखांची असतात. त्यापेक्षा एकच कलम घ्यावं आणि ते पहिल्या मसुद्यापासून मंजुरीपर्यंत कसं गेलं हे मुलांना दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

मग प्रश्न उरतो तो कोणतं कलम घ्यायचं याचा. नाशिकच्या शिक्षकाला पहिल्यांदा सुचतं ते १७, अस्पृश्यता नष्ट करणारं, कारण काळाराम मंदिर पंचवटीतच आहे. दुसरं आहे २१, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं. या दोहोंतून एक निवडायचं असेल तर कशाने काय साधतं आणि कुठे अडतं, ते पुढे लिहितो आहे.

तारखा किती लागतात?

तारखा लागतात, पण फळ्याच्या एका कोपऱ्यात मावतील एवढ्याच. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत झाली. आधी समित्या बसल्या आणि त्यांनी हक्कांबद्दल, केंद्राबद्दल, प्रांतांबद्दल अहवाल दिले. २९ ऑगस्ट १९४७ ला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. घटना सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी समित्यांच्या अहवालांवरून केलेला कच्चा मसुदा ऑक्टोबर १९४७ मध्ये या समितीपुढे आला. समितीने तो तपासून, बदलून फेब्रुवारी १९४८ मध्ये आपला मसुदा दिला आणि तो लोकांसाठी छापला. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी तो सभेत मांडला. १५ नोव्हेंबरपासून एकेका कलमावर चर्चा सुरू झाली, ती १७ ऑक्टोबर १९४९ पर्यंत चालली. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलं.

एक खुलासा इथेच करून ठेवावा, कारण हुशार मुलं तो विचारतात. काही पुस्तकांत दोन वर्षं अकरा महिने सतरा दिवस असतं, काहींत अठरा. बाबासाहेबांचं समारोपाचं भाषण २५ नोव्हेंबरचं आहे, त्यात सतरा दिवस म्हटलं आहे. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं गेलं, म्हणून अठरा. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

त्याच भाषणात आणखी एक आकडा येतो: ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मुलं हा आकडा पाठ करतात आणि पेपरात लिहितात. पण त्यातली एक तरी दुरुस्ती काय होती, ती कोणी मांडली, ती का फेटाळली, हे विचारलं तर वर्ग गप्प बसतो. तारखांच्या टिपणातली उणीव ही आहे. संविधान तयार होताना माणसं एकमेकांशी कशावरून भांडली, याचा त्यात मागमूस नसतो.

कलम १७: आपल्या अंगणातलं

या कलमाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे नाशिकच्या मुलाला ते समजावून द्यावं लागत नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. इथली जबाबदारी भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. लढा पाच वर्षांच्या आसपास चालला, तरी दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली, तेही याच जिल्ह्यात. तोच माणूस बारा वर्षांनी मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, एवढं सांगितलं तरी वर्ग सावरून बसतो.

आता मसुद्याकडे बघू. एप्रिल १९४७ मध्ये सल्लागार समितीने मूलभूत हक्कांचा अहवाल सभेपुढे ठेवला. सरदार पटेल त्या समितीचे अध्यक्ष होते. कोणत्याही स्वरूपातली अस्पृश्यता नष्ट करण्यात येत आहे आणि तिच्या नावाखाली कोणावर निर्बंध लादणं हा गुन्हा ठरेल, अशा आशयाचं कलम त्यात होतं. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ते थोड्या वेगळ्या बांधणीत कलम ११ म्हणून आलं, आणि अखेरीस कलम १७ झालं. या सगळ्या प्रवासात वाक्याचा गाभा बदलला नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ ला ते सभेत आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. नझिरुद्दीन अहमद यांनी वेगळी शब्दरचना सुचवली, ती फेटाळली गेली. के. टी. शहा यांनी नेमकं बोट ठेवलं: अस्पृश्यता म्हणजे काय याची व्याख्याच कलमात नाही, आणि ठरावीक दिवसांत बायकांनाही अस्पृश्य मानलं जातं, मग तेही यात येतं का? व्याख्या काही घातली गेली नाही. कलम मंजूर झालं तेव्हा सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला.

शिक्षकाची अडचण इथे सुरू होते. प्रसंग भारावून टाकणारा आहे, पण मसुदा कसा बदलतो हे दाखवायला त्यात फारसं काही नाही. वाद झाला होता, जबरदस्त झाला होता, पण तो सभागृहाबाहेर, महाडच्या तळ्यावर आणि काळारामाच्या दारात. सभेपुढे येईपर्यंत उघडपणे विरोध करायला कोणी उरलं नव्हतं. त्यामुळे तास मसुद्यावरून सत्याग्रहावर सरकतो. सत्याग्रह शिकवायलाच हवा, पण तो स्वतंत्र तास आहे. टिपणाचं नाव ‘संविधान कसं घडलं’ आणि आत फक्त काळारामची हकिगत, असं झालं तर मुलाला मसुदा समिती काय करत होती हे कळत नाही.

आणखी एक चूक हमखास होते. मुलं समजतात, आणि काही वेळा आपणही सांगून टाकतो, की कलम १७ ने मंदिर उघडलं. मंदिरप्रवेशाचा मजकूर संविधानात दुसरीकडे आहे. कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत, पण देवळाचं नाव नाही. ते सापडतं कलम २५ मध्ये, जिथे सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करणारा कायदा करण्याची मुभा राज्याला दिली आहे. म्हणजे संविधान स्वतः दार उघडत नाही, दार उघडणाऱ्या कायद्याच्या वाटेत धर्मस्वातंत्र्याचा हक्क आडवा येणार नाही एवढी खात्री देतं. मुंबई प्रांताने तर मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्येच केला होता. कलम १७ मधल्या गुन्ह्याला शिक्षा किती, हेही संविधानात नाही, त्यासाठी १९५५ चा स्वतंत्र कायदा करावा लागला.

सातवीच्या वर्गासाठी या परिसरात एक सोपी आणि चोख गोष्ट आहे, ती कलम १५ मधली. १९४८ च्या मसुद्यात ‘विहिरी, तलाव, रस्ते’ अशी यादी होती. आजचं कलम उघडा: ‘विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते’. मधला ‘स्नानघाट’ हा शब्द नंतर आला. रामकुंडावर रोज येणाऱ्या-जाणाऱ्या मुलाला हा एक शब्द का महत्त्वाचा आहे हे समजावत बसावं लागत नाही. तलाव म्हटलं की नदीचा घाट त्यात येतो का, यावर कोर्टात वाद घालता आला असता. घाट लिहिला आणि तो वाद संपला. मसुदा लिहिणं म्हणजे काय, हे पाच मिनिटांत दाखवायचं तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि एक गोष्ट सांभाळायची. ज्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत तिथे हे कलम शिकवताना कोणाकडेही नजर वळता कामा नये. ‘तुमच्या आजोबांना काय आठवतं ते विचारून या’ असला गृहपाठ देऊ नये. ज्या मुलाला सांगायचं असेल ते स्वतःहून सांगेल.

कलम २१: एका वाक्याचे चार अवतार

आता दुसरं कलम. आज ते असं वाचलं जातं: ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती अनुसरल्याखेरीज, कोणत्याही व्यक्तीस तिचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य यांपासून वंचित केले जाणार नाही.’ वरवर पाहता कोरडं वाक्य. पण ते इथवर कसं आलं हे फळ्यावर मांडलं की सगळी संविधान सभा वर्गात उभी राहते.

पहिला मसुदा मूलभूत हक्क उपसमितीचा, १९४७ चा. आचार्य कृपलानी तिचे अध्यक्ष होते. त्यात म्हटलं होतं की ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’शिवाय कोणाचंही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेतली जाणार नाही. हा शब्दप्रयोग अमेरिकेच्या राज्यघटनेतला. त्याचा अर्थ मुलांना साध्या शब्दांत असा सांगावा: सरकारने तुम्हाला पकडलं तर कोर्ट दोन प्रश्न विचारू शकतं. कायद्यात लिहिलेली पद्धत पाळली का? आणि मुळात तो कायदा न्याय्य आहे का?

दुसऱ्या टप्प्यावर ‘मालमत्ता’ गळली. हा बदल सल्लागार समितीत झाला. जमीनदारी मोडायची, कुळांना हक्क द्यायचे तर प्रत्येक कायदा कोर्टात अडकेल, ही भीती खरी होती. उरलं जीवित आणि स्वातंत्र्य, ‘ड्यू प्रोसेस’सह. एप्रिल १९४७ मध्ये सभेने ते मान्यही केलं.

तिसरा टप्पा सगळ्यात नाट्यमय. १९४७ च्या अखेरीस बेनेगल राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. अमेरिकेत ते सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. ‘ड्यू प्रोसेस’मुळे कायदे मोडीत काढण्याचा जो अधिकार कोर्टाकडे येतो तो लोकशाहीला धरून नाही आणि न्यायाधीशांवरही त्याचा अकारण भार पडतो, असं फ्रँकफर्टर यांचं म्हणणं होतं. त्यांच्यापुढे अमेरिकेचा अनुभव होता. तिथल्या कोर्टाने १९०५ मध्ये बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त राबवू नये हा न्यूयॉर्कचा कायदा याच तत्त्वावर रद्द केला होता. राव यांना आधीपासूनच या शब्दांबद्दल शंका होती, ती आता पक्की झाली.

मसुदा समितीने दोन बदल केले. ‘स्वातंत्र्य’च्या आधी ‘व्यक्तिगत’ घातलं, कारण नुसतं स्वातंत्र्य म्हटलं तर भाषणाचं, संचाराचं, संघटनेचं असं सगळंच त्यात ओढलं गेलं असतं आणि त्यांच्यासाठी वेगळं कलम होतंच. आणि ‘ड्यू प्रोसेस’ काढून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आणले, जपानच्या १९४६ च्या राज्यघटनेतल्या कलम ३१ वरून. समितीने हे लपवलं नाही, मसुद्याच्या तळटीपेत तसं स्पष्ट लिहिलं. आता कोर्टाला एकच प्रश्न उरला: पद्धत पाळली का?

फरक कळावा म्हणून मी वर्गात एक काल्पनिक कायदा देतो. समजा, उद्या असा कायदा झाला की कांद्याच्या साठेबाजीचा नुसता संशय आला तरी जिल्हाधिकारी व्यापाऱ्याला सुनावणीशिवाय सहा महिने डांबून ठेवू शकतात, फक्त आदेशावर त्यांची सही आणि शिक्का हवा. लासलगावच्या एका व्यापाऱ्याला असं पकडलं. आदेशावर सही आहे, शिक्का आहे. पहिल्या मसुद्याखाली कोर्ट म्हणू शकतं की पद्धत पाळली हे खरं, पण सहा महिने बाजूच ऐकून घ्यायची नाही हा कायदाच अन्यायाचा आहे, सोडा त्याला. मसुदा समितीच्या शब्दांखाली कोर्ट सही आणि शिक्का बघतं आणि अर्ज फेटाळतं. हे उदाहरण दिलं की आठवीचं मूलही न सांगता विचारतं, ‘मग त्यांनी ते शब्द काढलेच कशाला?’ या प्रश्नासाठीच तर सगळा खटाटोप.

याच प्रश्नावर ६ डिसेंबर १९४८ ला सभेत वाद झाला. तेव्हा हे कलम १५ व्या क्रमांकावर होतं. काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ‘ड्यू प्रोसेस’ परत आणण्याची दुरुस्ती मांडली. ते शब्द नसतील तर विधिमंडळ करील तो कायदा, कितीही जुलमी असला तरी, कोर्टाला मान्य करावा लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. महबूब अली बेग यांनी जपानचा दाखला उलटवला: जपानच्या घटनेत कलम ३१ च्या पुढेच अटकेविरुद्धचं संरक्षण देणारी कलमं आहेत, ती आपण घेतली नाहीत आणि नेमकं हे एकच उचललं. ठाकूरदास भार्गव दुरुस्तीच्या बाजूने उभे राहिले. आणि मुलांना आवर्जून सांगावं असं म्हणजे कन्हैयालाल मुन्शीही उभे राहिले, जे स्वतः मसुदा समितीचे सदस्य होते. आपल्याच समितीच्या मसुद्याविरुद्ध ते सभेत बोलले. समितीतलेच दुसरे सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी विरुद्ध बाजू मांडली: अमेरिकेत या शब्दांचा अर्थ न्यायाधीशांगणिक बदलत गेला, उद्या आपल्या सामाजिक सुधारणांचे कायदे त्यात अडकतील.

त्या सभागृहातल्या कित्येकांनी विनाचौकशी तुरुंगवास भोगला होता. नेहरू आणि पटेल १९४२ नंतर अहमदनगरच्या किल्ल्यात होते, खटल्याशिवाय. तरीही त्यांतले बहुतेक आता सरकारच्या बाजूचे होते, आणि देश फाळणीच्या दंगलींतून नुकता बाहेर पडत होता. ही ओढाताण वर्गात मोकळेपणाने सांगावी. कोणाला खलनायक करू नये.

१३ डिसेंबरला बाबासाहेबांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर विरळा आहे. त्यांनी दोन्ही धोके समोर ठेवले. एका पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ व्यक्तीचे हक्क तुडवू शकतं, हे त्यांनी मान्य केलं. पण कोर्टात बसलेल्या पाच-सहा माणसांनी आपल्या विवेकानुसार किंवा पूर्वग्रहानुसार कोणता कायदा चांगला, कोणता वाईट हे ठरवावं, हेही त्यांना पटत नव्हतं. दोन्हीकडे खडक आहेत असं सांगून त्यांनी निर्णय सभेवर सोपवला. सभेने दुरुस्ती फेटाळली आणि मसुद्यातले शब्द कायम राहिले.

बरीच टिपणं इथे थांबतात, पण चौथा अवतार अजून बाकी आहे. १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेब नवं कलम १५-अ घेऊन आले, आजचं कलम २२. बाहेर लोकांनी मसुद्यातल्या दुसऱ्या कुठल्याही भागावर कलम १५ इतकी जळजळीत टीका केली नाही, हे त्यांनी उघड सांगितलं. सभेतले बरेच जण आणि आपण स्वतःही त्या शब्दांवर नाराज होतो, हेही कबूल केलं. नवं कलम ही त्याची भरपाई. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. यातलं बरंचसं फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच होतं, पण संहिता बहुमताने बदलता येते. संविधानात घातल्यावर साधा कायदा करून ते काढता येणार नव्हतं.

त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धताही आली, म्हणजे गुन्हा होण्याआधीच, खबरदारी म्हणून डांबून ठेवणं. तिथे चोवीस तासांचा आणि वकिलाचा नियम लागू नाही. कारणं कळवायची, म्हणणं मांडू द्यायचं, आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्यायचं, एवढंच, आणि त्यातूनही संसदेला वाट ठेवलेली. बक्षी टेकचंद यांच्यासारख्या सदस्यांनी यावर कडाडून टीका केली. आपल्या लासलगावच्या व्यापाऱ्याला परत बोलवा: त्याची अटक स्थानबद्धतेची असल्याने तीन महिन्यांपर्यंत त्याला मंडळापुढे जायचाही हक्क नाही. म्हणजे भरपाई झाली, पण अपुरी. हे मुलांना स्पष्ट सांगावं.

पुढचं दोन वाक्यांत येतं. १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने ‘कार्यपद्धती’चा अर्थ शब्दशः घेतला, न्यायमूर्ती फझल अली यांनी वेगळं मत दिलं. १९७८ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट जप्त झाल्याच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवीच असली पाहिजे. १९४८ मध्ये फेटाळलेला विचार तीस वर्षांनी कोर्टातून परत आला, संविधानाचा एकही शब्द न बदलता.

वर्गात दोन्ही कशी चालतात

कलम १७ ला प्रस्तावना लागत नाही. तुम्ही फळ्याकडे वळायच्या आत हात वर होतात. कलम २१ ला पहिली दहा मिनिटं अवघड जातात, कारण ‘कार्यपद्धती’ हा शब्द मुलांना दूरचा वाटतो. कांद्याचं उदाहरण तारखांच्या आधी दिलं तर ही अडचण जाते, नंतर दिलं तर जात नाही. आधी व्यापारी, मग वाक्य, मग माणसं, हा क्रम मोडू नये.

पण ‘मसुदा कोणी लिहिला?’ या प्रश्नावर कलम २१ फार पुढे आहे. आपल्याकडे दोन टोकाची विधानं फिरतात. एक, बाबासाहेबांनी एकट्याने बसून सगळं लिहिलं. दुसरं, लिहिलं राव यांनी, बाबासाहेबांनी नुसतं मांडलं. दोन्ही चूक आहेत, आणि दुसरं तर अनेकदा हेतू ठेवून पसरवलं जातं. कलम २१ मध्ये मुलाला दिसतं की शब्द उपसमितीने आणले, शंका राव यांनी घेतली, बदल समितीने केला, समितीतलाच एक सदस्य विरोधात गेला, निर्णय सभेने मतांनी घेतला, आणि नऊ महिन्यांनी त्यातली उणीव भरून काढायला बाबासाहेब नवं कलम घेऊन उभे राहिले. समितीचं ओझं त्यांच्यावर किती पडलं होतं हे टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभेतच सांगितलं आहे: सात जणांपैकी कोणी राजीनामा दिलेला, कोणी वारलेला, कोणी परदेशात, कोणी तब्येतीमुळे दिल्लीपासून लांब. हे वाचून दाखवलं की बाबासाहेबांचं काम मुलांना नीट कळतं, नुसत्या गौरवाच्या वाक्यांनी कळत नाही.

तास साधला की नाही हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. शेवटची पाच मिनिटं वही मिटायला सांगून एकच प्रश्न द्यावा: ‘हे शब्द कोणाला नको होते आणि का?’ कलम २१ नंतर मुलं दोन्ही बाजूंची कारणं लिहितात, काही तर मत देऊन मोकळी होतात. कलम १७ नंतर याच प्रश्नाला उत्तर येतं, ‘कोणालाच नको नव्हते’, आणि सभागृहापुरतं ते बरोबरच असतं. म्हणून १७ साठी प्रश्न बदलावा लागतो: ‘कलम १५ च्या यादीत देऊळ का नाही, ते कुठे आहे?’

मग काय घ्यावं

इयत्ता नववी आणि पुढे, दोन तास मिळणार असतील तर निःसंशय कलम २१ घ्या. पहिल्या तासात कांद्याचा व्यापारी आणि पहिले तीन अवतार. दुसऱ्या तासात ६ आणि १३ डिसेंबरचा वाद, मग कलम २२. वादाच्या वेळी चार मुलांना करीमुद्दीन, मुन्शी, अल्लादी आणि बाबासाहेब यांची बाजू आपल्या शब्दांत मांडायला द्या आणि वर्गाचं मत घ्या. आमच्याकडे वर्गाने बहुतेक वेळा करीमुद्दीन यांना जिंकवलं आहे. तसं झालं तर कुळकायद्याचा मुद्दा पुन्हा मांडून दुसऱ्यांदा मत घ्या, काही हात नक्की खाली येतात.

सातवी-आठवी आणि एकच तास असेल तर कलम २१ च्या वाटेला जाऊ नका. घाईत ते नुसतं इंग्रजी शब्दांचं पाठांतर होतं. तिथे कलम १५ चा ‘स्नानघाट’ आणि त्याला जोडून कलम १७ घ्या, के. टी. शहांच्या हरकतीसह. ती हरकत गाळू नका, कारण त्या तासात वाद म्हणून दाखवण्यासारखं तेवढंच आहे. काळारामसाठी वेगळा दिवस काढा, शक्यतो २ मार्चच्या आसपास.

संविधान सभेतल्या चर्चा तारखेनुसार इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात, भाषा बहुतांशी इंग्रजी. टिपण करण्याआधी निदान १३ डिसेंबर १९४८ आणि १५ सप्टेंबर १९४९ या दोन दिवसांचं बाबासाहेबांचं बोलणं मुळातून वाचा. दोन्ही मिळून संध्याकाळभराचं काम आहे. टिपणात अवतरणचिन्हं घालायची असतील तर मूळ वाक्य समोर ठेवूनच घाला. संविधान दिनाच्या आसपास बाबासाहेबांच्या नावावर मोबाइलवर जे फिरत असतं त्यातलं पुष्कळसं त्यांनी कधी म्हटलेलंच नसतं.